मदत हवी आहे: बैलगाड्याच्या पॅनमध्ये मागचे खांब तिरके येतात

घाटकरी
नमस्कार मंडळी. फुलफ्रेम मिररलेसवर बैलगाडा शर्यत शूट करतोय. ४के, २५ फ्रेम, शटर १/५०, ट्रायपॉडवर फ्लुइड हेड. बैल डावीकडून उजवीकडे सुटतात, त्यांच्याबरोबर पॅन. बैल अगदी व्यवस्थित दिसतात, पण मागचे मंडपाचे बांबू आणि फ्लेक्सचे खांब सगळे उजवीकडे कललेले. शिवाय निशाणापाशी पॅन झटक्यात थांबवला की चित्र क्षणभर जेलीसारखं डुलतं. लेन्समध्ये दोष आहे का? की ग्लोबल शटरवाला कॅमेरा घेतल्याशिवाय सुटका नाही?

शटरबहाद्दर
लेन्सचा काही संबंध नाही, हे रोलिंग शटर. १/५० वर पॅन कशाला करताय? १/१००० करा, एक्स्पोजरचा वेळ कमी झाला की तिरकेपणा जातो.

मोजपट्टी
पहिलं वाक्य बरोबर, उपाय चूक. सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो आणि त्याला जो वेळ लागतो तो १/५० ला आणि १/१००० ला तेवढाच असतो. पॅन उजवीकडे असताना खांब फ्रेममध्ये डावीकडे सरकतो. खालच्या ओळी वाचेपर्यंत तो आणखी डावीकडे गेलेला असतो, म्हणून बुंधा डावीकडे आणि शेंडा उजवीकडे. परतीच्या घोडीबरोबर उलटा पॅन करून बघा, खांब डावीकडे कलतील. दोन्ही वेळी एकाच बाजूला कलले, तर मात्र ट्रायपॉडची लेव्हल तपासा.

घाटकरी, दोन आकडे द्या. एक, टाइमलाइनवर मोजा की एक खांब उजव्या कडेला दिसल्यापासून डाव्या कडेला जाईपर्यंत किती फ्रेम जातात. दुसरा, कॅमेऱ्याचा रीडआउट, म्हणजे सगळ्या ओळी वाचायला लागणारा वेळ. तो घरी मोजता येतो. स्वस्तातल्या एलईडी बल्बच्या उजेडात पांढरी भिंत त्याच ४के २५ मोडमध्ये, शटर १/२००० ठेवून शूट करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंदावतो आणि भिंतीवर आडवे काळे पट्टे येतात. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत १० मिलिसेकंद. पूर्ण उंचीत अशी किती अंतरं बसतात ते मोजा. पट्टे आलेच नाहीत तर बल्बचा ड्रायव्हर चांगला आहे, दुसरा बल्ब घ्या.

ढगातला
माझ्या ड्रोनलाही हीच जेली येत होती. एनडी फिल्टर लावला, प्रोपेलर बदलले, गेली. तुम्हीही एनडी लावून बघा.

मोजपट्टी
तुमची जेली वेगळी. तिथे मोटारींची थरथर एका फ्रेमच्या वाचनात चित्र पुढेमागे हलवते. तिच्यावरचा खरा इलाज प्रोपेलरनेच केला असणार, एनडीने फक्त ब्लर वाढवून ती झाकली. इथला तिरकेपणा सलग, एकाच दिशेच्या गतीचा आहे.

घाटकरी
मोजलं. खांब १२ फ्रेममध्ये पार होतो. भिंतीवर साधारण अडीच अंतरं बसली.

मोजपट्टी
म्हणजे रीडआउट २५ मिलिसेकंद आणि खांब ४८० मिलिसेकंदात फ्रेम ओलांडतो. २५ भागिले ४८०, म्हणजे फ्रेमच्या रुंदीच्या ५.२ टक्के. ३८४० पिक्सेलात २०० पिक्सेल. २१६० उंचीवर २०० सरकलं की साधारण सव्वापाच अंशांचा कल, कुणालाही दिसणारच.

आता शटरचा हिशेब. १/५० ला त्याच खांबाचा ब्लर १६० पिक्सेल, १/१००० ला ८. तिरकेपणा दोन्हीकडे २००. म्हणजे १/१००० ला खांब तेवढाच तिरका, फक्त आता धारदार.

शटरबहाद्दर
हिशेब पटला. पण मी १/५०० वर कबड्डी शूट करतो, मला असं कधी दिसलं नाही.

मोजपट्टी
कबड्डीच्या मैदानामागे उभ्या सरळ रेषा किती असतात? कल असेल, पण प्रेक्षकांच्या गर्दीत तो कळत नाही. घाटकरींनाही हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. फ्लेक्सच्या रांगेऐवजी मागे टेकडीवरची माणसं येतील अशी जागा धरा.

घाटकरी
मागे सरकून ७०-२०० लावली तर? पॅनचा वेग कमी होईल ना?

मोजपट्टी
हात कमी वेगाने फिरेल, खांब नाही. अंतर दुप्पट केलं की पॅन निम्म्याने मंदावतो, पण बैल तेवढेच मोठे दिसावेत म्हणून फोकल लेंग्थ दुप्पट करावी लागते. फ्रेममधली पार्श्वभूमी जवळपास तेवढ्याच वेगाने पळते. फरक पडतो फ्रेम सैल ठेवली तर, किंवा निशाणाच्या पुढे उभं राहून बैल तिरपे अंगावर येताना घेतले तर. तिथे शेवटच्या क्षणापर्यंत पॅन फारसा लागतच नाही.

कॅमेऱ्यातही एक युक्ती आहे. ५०पी मध्ये प्रत्येक फ्रेम २० मिलिसेकंदांच्या आत वाचावीच लागते, त्यामुळे रीडआउट २५ राहूच शकत नाही. ५०पी, शटर १/५० ठेवून शूट करा आणि क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाका. प्रीमिअरमध्ये Frame Sampling निवडा, Frame Blending नको. एकाआड एक फ्रेम गळते आणि ब्लर अगदी नेहमीच्या १/५० चाच राहतो. बरेच कॅमेरे ५०पी ला क्रॉप करतात, तेव्हा लेन्स तेवढी रुंद धरा. रीडआउट मात्र त्या मोडमध्ये पुन्हा बल्बखाली मोजा.

डुलणं बहुतेक स्टॅबिलायझरचं. पॅन चालू असताना तो सेन्सर एका बाजूला ओढून धरतो आणि तुम्ही थांबलात की परत सोडतो. ट्रायपॉडवर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्ही बंद करा. तरी डुललं तर हेडचा ड्रॅग वाढवा आणि हँडल थांबवताना धक्का बसतो का ते बघा.

रीळवाली
आधी शूट झालेल्याचं काय? आफ्टर इफेक्ट्समध्ये Rolling Shutter Repair आहे. Rolling Shutter Rate मध्ये टक्के भरायचे. २५ मिलिसेकंद म्हणजे ४० च्या फ्रेमवेळेचे ६२ टक्के. स्पीड बदलण्याआधी आणि स्टॅबिलाइझ करण्याआधी लावायचं, नाहीतर गणित बिघडतं.

मोजपट्टी
आकडा बरोबर. पण या शॉटमध्ये बैल फ्रेममध्ये स्थिर आहेत आणि पार्श्वभूमी पळतेय. इफेक्ट खांब सरळ करायला जातो तेव्हा बैलांच्या पाठीची आणि शिंगांची कड वितळल्यासारखी होते. बैल मास्क करून वेगळे काढले तर जमतं, पण प्रत्येक बारीला एवढं कोण करणार?

घाटकरी
आणि ग्लोबल शटर?

मोजपट्टी
सगळे पिक्सेल एकदमच उघडतात आणि मिटतात, तिरकेपणा शून्य. रेड कोमोडो किंवा २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री एक दिवस भाड्याने घेऊन बघा. किंमत इथे मोजावी लागते: वाचन होईपर्यंत चार्ज धरून ठेवायला पिक्सेलमध्येच जागा जाते, त्यामुळे प्रकाश साठवायला कमी उरते. ए९ थ्रीचा बेस आयएसओ २५० आहे, म्हणजे भर दुपारी एनडी जास्त लागेल. आणि खांब सरळ आले तरी २५ फ्रेममध्ये ते धडधडत, उड्या मारतच पळतील. तो फ्रेमरेटचा प्रश्न आहे, शटरचा नाही.

रीळवाली
माझा एक उपप्रश्न. मी रीलसाठी कॅमेरा उभा धरते. तेव्हा खांब सरळ येतात, पण मागच्या गाड्या कधी लांबट, कधी आखूड दिसतात. हे तेच का?

मोजपट्टी
तेच. कॅमेरा उभा केला की वाचनही आडवं होतं. वाचनाच्या दिशेने चित्र सरकलं तर वस्तू ताणली जाते, उलट सरकलं तर आक्रसते. ग्रिप वर धरता की खाली, त्यावर हे ठरतं. एकाच गाडीवर दोन्ही प्रकारे पॅन करून सांगा.

घाटकरी
पुढच्या रविवारी घाटात ५०पी आणि स्टॅबिलायझर बंद, असं करून बघतो. भाड्याचा कॅमेरा त्यानंतर.