मदत हवी आहे: ‘घाटी’ शब्दावरून टीममध्ये बिनसलंय

मुंबईत आमच्या ऑफिसात सातारा-कोल्हापूरकडची पोरं एकमेकांना सर्रास ‘घाटी’ म्हणतात. डब्यातला खर्डा कुणाला झोंबला की ‘अरे, घाटी ना तू?’ आणि सगळे हसतात. परवा दिल्लीहून आलेल्या सहकाऱ्याने मीटिंगमध्ये तेच वाक्य तसंच म्हटलं आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. तो मनाने वाईट नाही. ‘ते म्हणतात तर मी का नाही?’ हा त्याचा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो.

त्याला समजावलं, की घाटावरून गिरणी-गोदीत कामाला आलेल्यांना मुंबईने या शब्दाने अडाणी, गावंढळ ठरवलं, आणि पुढे तो सरसकट मराठी माणसालाच चिकटवला गेला. आपसात म्हणताना बोलणाराही त्यातच मोडतो, म्हणून तुच्छतेला जागा उरत नाही. बाहेरचा मात्र स्वतः नामानिराळा राहतो. हे त्याला पटलं. शब्दच बंद करू या म्हटलं, तर पोरं चिडली.

अडलंय ते मालवणच्या सहकाऱ्यापाशी. तो मराठीच, पण कोकणात घाटावरच्यांना घाटीच म्हणतात आणि तोही पहिल्यापासून म्हणतो. बाकीच्यांना चालतं, पण एकाला आता खुपायला लागलंय. दिल्लीवाला नेमकं त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

तक्रार वर न्यायची नाही, कुणाला सगळ्यांसमोर माफीही मागायला लावायची नाही. अशा अर्ध्या आतल्या, अर्ध्या बाहेरच्या माणसाबाबत तुम्ही काय ठरवता? जुन्या मैत्रीवर हा हक्क मिळतो, की ज्याला म्हणायचं त्या प्रत्येकाला तो चालायला हवा?