संक्रांतीच्या गणितातून २६ हजार येतात, हिमयुगाच्या आलेखात मात्र २३ आणि १९. कुठे चुकतंय? (मदत हवी आहे)

ताराभ्रमी:
शनिवारी आमच्या आकाशदर्शन गटात हिमयुगांवर बोलायचं आहे. सुरुवात ओळखीच्या गोष्टीने करावी म्हणून मकरसंक्रांत धरली. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, संक्रांत येते १४-१५ जानेवारीला, आणि हे अंतर ७२ वर्षांत साधारण एक दिवस वाढतं. ७२ गुणिले ३६५, म्हणजे २६ हजार वर्षं. भोवऱ्यासारखा डुलणारा पृथ्वीचा आस एवढ्या काळात एक फेरी पुरी करतो. इथवर मी खूश होतो.

मग हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांचं १९७६ चं काम उघडलं. दक्षिण हिंदी महासागराच्या तळातला गाळ, त्यातले सूक्ष्म शिंपले, आणि त्यावरून काढलेला बर्फाच्या चढउताराचा आलेख. त्यात लाखभर, ४२ हजार, २३ हजार आणि १९ हजार वर्षांची आवर्तनं दिसतात, पण २६ हजारांचं नावच नाही. दोन रात्री डोकं खाजवतोय.

बंड्या८२:
फार मनावर घेऊ नका. गाळाचं वय काढताना दोन-चार हजार वर्षं इकडेतिकडे व्हायचीच. २६ चे २३ झाले असतील.

कुंडलाकार:
बंड्या, गाळाच्या वयात चूक असते हे खरंच. पण हे २३ आणि १९ नुसत्या गाळातून आलेले नाहीत. ग्रहांच्या गतीवरून कागदावर गणित केलं तरी हेच दोन आकडे येतात.

ताराभ्रमी, तुमचे ७२ बरोबर आहेत, फक्त संदर्भ चुकलाय. संक्रांत ताऱ्यांवरून ठरते. बर्फाला ताऱ्यांशी काय देणंघेणं? त्याचा प्रश्न एवढाच, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा ऋतू कुठला. तो जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य, स्वतःही ताऱ्यांमध्ये सरकतो, आणि तो उलट दिशेने.

देवळाला दोघे प्रदक्षिणा घालतायत असं समजा, एक उजवीकडून, एक डावीकडून. ऋतूंचे बिंदू हजार वर्षांत १४ अंश जातात, उपसूर्य समोरून ३ अंशांहून थोडा जास्त येतो. बेरीज १७ अंश. ३६० ला १७ ने भागा, २१ हजार वर्षं येतात. शिवाय उपसूर्याची चाल एकसारखी नाही. गुरू, शुक्र वगैरे आपापल्या तालात ओढतात, म्हणून २१ हजार फुटून २३ आणि १९ असे दोन गठ्ठे होतात.

पडताळा घ्यायचाय? इ. स. १२४६ च्या सुमारास उपसूर्य आणि सर्वांत लहान दिवस एकत्र आले होते. २१ हजारांच्या हिशेबाने उपसूर्याची तारीख ५८ वर्षांत एक दिवस पुढे जाते. मधली ७८० वर्षं म्हणजे १३ दिवस. २१ डिसेंबरात १३ मिळवले की ३ जानेवारी. हल्ली उपसूर्य तेव्हाच असतो. फक्त लागोपाठच्या दोन वर्षांच्या तारखा ताडून पाहू नका. चंद्राच्या ओढीने त्या एखाद-दोन दिवस मागेपुढे होतात आणि माणूस फसतो.

एडमंटनची_सून:
म्हणजे आमच्या हिवाळ्यात सूर्य जवळ असतो? इथे उणे तीसमध्ये गाडी सुरू करताना तसं अजिबात वाटत नाही! मग सूर्य हिवाळ्यात लांब गेला की हिमयुग येणार ना?

कुंडलाकार:
ताई, उलटं आहे. उणे तीस असो की उणे पस्तीस, पडलेला बर्फ तसाही टिकतोच. खरा सवाल जुलैचा. उन्हाळा मवाळ असेल तर गेल्या साली पडलेला थोडा बर्फ उरतो, त्यावर नवा पडतो, आणि पांढऱ्या जमिनीवरून ऊन परत जातं. हिमयुगांचं हे गणित मांडणारा मिलांकोविच उत्तरेकडच्या ६५ अंशांवरचा उन्हाळा बघायचा तो यासाठीच.

बंड्या८२:
पण मग आत्ता जुलैत सूर्य लांबच आहे की. बर्फ साठायला हवा!

कुंडलाकार:
हा प्रश्न आवडला. सध्या कक्षा जवळजवळ गोल आहे. जानेवारी आणि जुलैच्या उन्हात फरक जेमतेम ७ टक्के. कक्षा खूप लांबट असते तेव्हा तोच २० टक्क्यांच्या वर जातो. आसाचा कलही अजून २३.४ अंश आहे. तो २२ च्या जवळ उतरला की उत्तरेचा उन्हाळा आणखी मवाळ होईल, पण त्याला काही हजार वर्षं लागतील. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण वाढवून ठेवलाय.

ताराभ्रमी:
प्रदक्षिणावाले दोघे शनिवारी फळ्यावर काढतो. पण कोणी लाख वर्षांचं विचारलं तर? आलेखात सगळ्यांत उंच तेच शिखर आहे.

कुंडलाकार:
तिथे माझीही पंचाईत आहे. कक्षेचा लांबटपणा लाखभर वर्षांत बदलतो खरा, पण त्याने वर्षभराचं एकूण ऊन एक टक्काही हलत नाही. आणि दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं ४१ हजारांच्या तालावर, आसाच्या कलाबरोबर येत होती. ताल का बदलला? कोणी म्हणतं बर्फाखालची भुसभुशीत माती खरवडली गेली आणि थर जाड होऊ लागले, कोणी म्हणतं कार्बन डायऑक्साइड कमी होत गेला. मला मातीची बाजू पटते, पण आमच्याच गटातल्या दोघांना अजिबात पटत नाही.

एडमंटनची_सून:
अवांतर: या मे महिन्यात अंगणातला ढीग आठ तारखेला वितळला. अजून तरी उरत नाहीये.