मदत हवी आहे: केमोच्या दिवशी आई ठणठणीत, तिसऱ्या दिवसापासून मळमळ. उलटीची गोळी लागू का पडत नाही?

आई ५८ वर्षांची, मधुमेह आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी एसी केमो (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड) दर २१ दिवसांनी, एकूण चार. पहिली गेल्या सोमवारी झाली. त्या रात्री तिने मऊ भात खाल्ला, शांत झोपली. आम्हाला वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी दिली आणि ती तोंडाला पदर लावून गॅलरीत गेली. तिथून शनिवारपर्यंत तेच. उलटी एकदाच झाली, पण मळमळ अखंड. ऑन्डॅन्सेट्रॉनची ८ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा देतोय, काही फरक नाही. पुढची केमो दोन आठवड्यांवर आली आहे आणि ती "मला नको" म्हणायला लागली आहे. गोळी बदलून मागावी का?
– सांगलीचा_निनाद

---

गवतीचहा: माझ्या काकूंच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की केमोने आतड्याच्या आतल्या पेशी दुखावतात, त्यातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूला उलटीचा निरोप जातो. ऑन्डॅन्सेट्रॉन तो निरोप अडवतं. म्हणजे तुमचा डोस कमी पडतोय. दर सहा तासांनी द्या. आल्याचा तुकडा चघळायला द्या.

सिस्टर_वॉर्ड७: गवतीचहा, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, पण ते पहिल्या दिवसाचं. डोस वाढवू नका. निनाद, आधी दोन गोष्टी सांगा. डिस्चार्जच्या कागदावर केमोआधीची इंजेक्शनं कोणती लिहिली आहेत? आणि घरी दिलेल्यांपैकी कोणतं औषध शिल्लक आहे का?
(मी बावीस वर्षं केमोच्या डे-केअरमध्ये काम केलं, आता निवृत्त.)

सांगलीचा_निनाद: कागदावर पॅलोनोसेट्रॉन ०.२५ आणि डेक्सामेथासोन १२ आहे. एक छोटी खोकी होती, तीन कॅप्सूलची, ॲप्रेपिटंट. १२५ ची तिथेच दिली, ८० च्या दोन अजून खोक्यातच आहेत. मंगळवारी आईला काहीच होत नव्हतं, म्हटलं उगाच गोळ्यांचा मारा कशाला. डेक्साच्या गोळ्या तीन दिवस होत्या, पण मंगळवारी साखर २६० आली, म्हणून मीच बंद केल्या.

सिस्टर_वॉर्ड७: मला वाटलंच होतं. रागावत नाही, निम्म्या घरांत हेच होतं. कारण पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो.

मळमळीचे रस्ते दोन आहेत आणि त्यांची वेळ वेगळी आहे. पहिला गवतीचहांनी सांगितला तो. आतड्यातून सेरोटोनिन सुटतं आणि तिथल्या मज्जातंतूवरून निरोप वर जातो. हा रस्ता केमोनंतरच्या पहिल्या २४ तासांत जोरात चालतो. पॅलोनोसेट्रॉनने तो बंद केला, म्हणून सोमवारी भात पोटात राहिला. या इंजेक्शनचा असर रक्तातून निम्मा व्हायलाच चाळीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे बुधवारी तुम्ही दिलेलं ऑन्डॅन्सेट्रॉन आधीच लावलेल्या कुलपाला दुसरं कुलूप लावत होतं.

दुसरा रस्ता मेंदूत आहे, सबस्टन्स पी नावाच्या द्रव्याचा. दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत मुख्य जोर त्याचा. सिस्प्लॅटिन ही केमो दिलेल्यांच्या लघवीत सेरोटोनिन मोडून उरणारं द्रव्य मोजलं तर ते पहिल्या काही तासांत चढतं आणि उतरतं, पण उलट्या पुढेही चालू राहतात. ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधं आल्यावर पहिला दिवस सुधारला आणि पुढचे दिवस तसेच राहिले, त्याचं कारण हेच. ॲप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते नेमकं या रस्त्यासाठी. तुमच्या त्या दोन कॅप्सूल मंगळवार आणि बुधवारच्या होत्या. मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या. एकदा सुरू झाली की ती मागे ढकलणं फार अवघड.

मिरजवाला: इतकी औषधं कशाला? माझ्या वडिलांना दर आठवड्याला केमो होती, एका इंजेक्शनवर भागलं. मळमळ म्हणून कधी नाहीच. हल्ली सगळेच जास्त लिहितात.

सिस्टर_वॉर्ड७: मिरजवाले, औषध कोणतं होतं?

मिरजवाला: पॅक्लिटॅक्सेल. केस गेले तेवढे.

सिस्टर_वॉर्ड७: बरोबर. ते कमी मळमळ आणणाऱ्यांत मोडतं. एसी सर्वांत जास्त आणणाऱ्यांत. केमो एकच शब्द आहे, औषधं शंभर. वडिलांच्या औषधांवरून आईची मोजू नका.

निनाद, डेक्साचं. हे स्टिरॉइड मळमळ नेमकी कशी कमी करतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण दोन्ही टप्प्यांत मदत होते हे नक्की. ॲप्रेपिटंट सोबत असलं की शरीरात डेक्सा जास्त वेळ टिकतं, म्हणून डोस आधीच कमी करून लिहिलेला असतो. साखर चढते हे खरंच. पण ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. एसीमध्ये काही रुग्णांना डेक्सा फक्त पहिल्या दिवशी देऊन पुढे दुसऱ्या औषधावर भागवतात. घ्यायचं असेल तर सकाळी जेवणानंतर, नाहीतर रात्रभर टक्क जागी राहतील.

आणि एक विचारते. शौचाला कधी झालं होतं?

सांगलीचा_निनाद: थेट रविवारी. बुधवार ते शनिवार काहीच नाही. पोट फुगलेलं, सारखे ढेकर.

सिस्टर_वॉर्ड७: घ्या. ऑन्डॅन्सेट्रॉन आतडं मंद करतं. बद्धकोष्ठाने मळमळ, मळमळीसाठी पुन्हा तीच गोळी. शिवाय जास्त डोसने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून सहा तासांनी द्या हा सल्ला मला पटला नाही. पोट फुगलेलं असताना वायूसुद्धा सरत नसेल, किंवा पाणीही दिवसभर टिकत नसेल आणि लघवी कमी झाली असेल, तर धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

गवतीचहा: मान्य. काकूंना पॅलोनोसेट्रॉन नव्हतं बहुतेक, ते मला माहीत नव्हतं.

सांगलीचा_निनाद: सिस्टर, डॉक्टरांशी बोललो. यावेळी डेक्सा फक्त पहिल्या दिवशी आणि रात्री ओलान्झापिन २.५, चार दिवस. औषधवाला हळूच म्हणाला, ही मानसिक आजाराची गोळी आहे. आईने ते ऐकलं.

सिस्टर_वॉर्ड७: आहेच ती, त्यात लपवायचं काय. पण ती डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशी कितीतरी कुलपं एकदम लावते. इतर औषधं उलटी बऱ्यापैकी थांबवतात, मळमळ मात्र चिवट, आणि तिथे ही गोळी कामाची. अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासात बाकी तीन औषधांसोबत १० मिलिग्रॅम दिल्यावर पहिल्या दिवशी अजिबात मळमळ नसलेले ४५ वरून ७४ टक्क्यांवर गेले. त्रास गुंगीचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २.५ आणि १० ची तुलना केली, २०२४ मध्ये छापून आली: उलटी आवरण्यात २.५ कमी पडलं नाही, गुंगी मात्र कमी. सोबत मेटोक्लोप्रामाइड देऊ नका, तेही डोपामिनवरच काम करतं.

सांगलीचा_निनाद (तीन आठवड्यांनी): दुसरी केमो सोमवारी झाली. मंगळवारी-बुधवारी ८० च्या कॅप्सूल घड्याळ लावून दिल्या. रात्री ओलान्झापिन, पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि पाणी. बुधवारी थोडं कसंसं झालं, पण तिने वरणभात खाल्ला. साखर एकदाच १९० झाली. सकाळी नऊपर्यंत झोप आवरत नव्हती.

एक गोष्ट मात्र राहिली. परवा रक्त तपासायला गेलो, केमो नव्हती. तरी लिफ्टमधल्या फिनेलच्या वासाने तिला ओकारी आली.

सिस्टर_वॉर्ड७: पहिल्या केमोचा त्रास शरीराने त्या वासाशी बांधून ठेवलाय. यावर ही औषधं फारशी चालत नाहीत. काहींना आदल्या रात्री लोराझेपाम देतात. ओलान्झापिनवर आधीच झोप येतेय, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

मिरजवाला: जिन्याने न्या. तिथे फिनेलचा वास कमी असतो.

सांगलीचा_निनाद: डे-केअर चौथ्या मजल्यावर आहे, दादा. आणि जिनाही सकाळी त्यांनीच पुसलेला असतो.