मदत हवी आहे: रिव्ह्यूअरचा मुद्दा मान्य नाही, एडिटरना कसं लिहू?

ऋतुजा_न
सुधारित पेपर परवापर्यंत अपलोड करायचाय. दुसऱ्या रिव्ह्यूअरने पोस्ट-हॉक पॉवर मागितली आहे. मी ती देणार नाही. कव्हर लेटरमध्ये हे उद्धट न वाटता कसं लिहायचं? नमुना असेल तर टाका, प्लीज.

देवदत्त
रिझल्ट काय आहे? एडिटरनी स्वतःच्या पत्रात हा मुद्दा काढलाय का?

सागर७७
कशाला ताणताय? पाच मिनिटांत आकडा निघतो, टाकून द्या. माझे तीन पेपर असेच पार पडले.

ऋतुजा_न
एडिटर फक्त 'सर्व मुद्द्यांना उत्तर द्या' म्हणतात. दोन गट, प्रत्येकी 32 रुग्ण. वेदनेच्या गुणांत फरक 2.1, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल -0.8 ते 5.0, पी 0.16.

देवदत्त
सागर, आलेल्याच फरकावरून काढलेली पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच वेगळ्या रूपात. पी 0.05 असेल तर ती साधारण 50 टक्के येते, पी वाढली की आणखी घटते. नवीन काहीच कळत नाही. होएनिग आणि हायसी यांनी 2001 मध्ये हे नीट मांडलंय.
ऋतुजा, निष्कर्षात काय लिहिलंय? रुग्णाला जाणवेल असा फरक किती धरलाय?

ऋतुजा_न
'उपचाराचा परिणाम नाही' असं लिहिलंय. फरक 4 गुणांचा धरलाय.

मीनल_प
माझाही पेपर नाकारला होता. अपील केलं, चार महिने गेले, उपयोग शून्य. सरळ दुसरं जर्नल बघा.

ऋतुजा_न
मीनलताई, नाकारलेला नाही, रिव्हिजन आहे.

देवदत्त
मग रिव्ह्यूअरची शंका रास्त आहे, उपाय तेवढा चुकलाय. 4 हा आकडा तुमच्या इंटरव्हलच्या आत आहे, म्हणजे 'परिणाम नाही' असं तुम्हाला म्हणताच येत नाही. ते वाक्य आधी बदला. मग पत्रात लिहा:
'नमुना अपुरा असल्याची समीक्षकांची शंका आम्हाला मान्य आहे. त्यानुसार निष्कर्ष बदलला असून 4 गुणांपर्यंतचा फायदा नाकारता येत नाही, हे स्पष्ट केलं आहे. पोस्ट-हॉक पॉवर मात्र दिलेली नाही, कारण ती पी-व्हॅल्यूपलीकडे काही सांगत नाही. अनिश्चितता इंटरव्हलमधून दिसते. आपलं मत वेगळं असल्यास कृपया कळवावं.'
रिव्ह्यूअरला हे कळत नाही, असा सूर कुठेही नको.

नंदिनी_ज
कव्हर लेटर बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यूअरपर्यंत जातच नाही. सविस्तर कारण मुद्देवार उत्तरांत द्या, पत्रात दोन ओळी पुरेत.

देवदत्त
दोन्हीकडे हवं. नकाराचं कारण एडिटरना शोधावं लागू नये.

ऋतुजा_न
वाक्य बदलते. अजून एक: आधी प्रत्येकी 36 रुग्ण ठरले होते, 32 वर थांबावं लागलं. पेपरात हे नाही. पत्रात सांगू?

देवदत्त
आधी पेपरात घाला, कारणासकट. मग पत्रातही सांगा.

सागर७७
कुणी विचारलेलं नसताना? मी नसतं सांगितलं.