शब्दचर्चा : ठुशीला इंग्रजी ओळीत काय लिहावं?

गोंडा : हातानं ओवलेल्या दागिन्यांसाठी दोन्ही भाषांत कॅप्शन लिहायचं आहे. ठुशी पितळेची, वर सोन्याचा थर. मराठीत ‘सोनेरी ठुशी’ आणि इंग्रजीत ‘गोल्डन चोकर’ लिहिलं. कॉलेजच्या मुली ‘हे चोकर आहे ना?’ विचारतात आणि पन्नाशीपुढच्या बायका ‘सोन्याची आहे का?’ विचारतात. कोणते शब्द बदलू?

जोंधळीमणी : तुमच्या दोन्ही ओळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी चुकल्या आहेत. चोकर हे गळ्याशी बसणाऱ्या कुठल्याही हाराचं नाव आहे, एका ठरावीक दागिन्याचं नाही. ठुशी, वज्रटीक आणि चिंचपेटी तिन्ही गळ्याशी बसतात. पण ठुशीत बारीक मणी दाटीनं बसवलेले असतात, वज्रटीक पट्टीवर असते आणि चिंचपेटीत मोत्यांच्या चौकोनी पेट्या. तिघींना नुसतं चोकर म्हटलं, तर चिंचपेटी हवी असलेली मुलगी ठुशीच्या फोटोवर येते आणि परत जाते. म्हणून इंग्रजी ओळीतही ठुशी हेच नाव रोमन लिपीत आधी यावं आणि चोकर त्याच्या मागे ओळखीपुरतं. शोधणाऱ्याला दोन्ही शब्द सापडतात.

सोनचाफा : ‘सोनेरी’ ठेवायला काय हरकत आहे? सोनेरी म्हणजे रंग, सोनं नव्हे. व्याकरणानं बरोबर आहे.

जोंधळीमणी : शब्दाचा अर्थ तुम्ही म्हणता तोच. पण कॅप्शन दागिन्याखाली वाचलं जातं, आणि तिथे धातूचं नावच नसेल तर रंगाचा शब्द धातूसारखा वाचला जातो. धातू लिहा, मग रंग लिहायची गरजच उरत नाही. ‘एक ग्राम’चंही तसंच. बाजारात तो शब्द पातळ थराच्या दागिन्यांना चालतो, पण नव्या गिऱ्हाईकाला त्यात एक ग्रॅम सोनं आहे असं वाटू शकतं.

ऱ्हस्वदीर्घ : ‘ठूशी’ लिहू नका. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा उकार ऱ्हस्व, म्हणून ‘ठुशी’. मणी ठासून बसवतात म्हणून हे नाव पडलं, हेही कॅप्शनमध्ये घाला, लोकांना आवडतं.

जोंधळीमणी : ऱ्हस्व उकार मान्य. व्युत्पत्ती मात्र पक्की असल्याशिवाय छापू नये, आणि प्रश्न तो नव्हताही.

गोंडा : मग धातूसाठी ‘सोन्याचं पाणी दिलेली’ की ‘सोन्याचा मुलामा’?

सोनचाफा : मुलामा नको. ‘वरवरचा मुलामा’ हा वाक्प्रचार लगेच आठवतो, दागिना फसवा वाटतो.

जोंधळीमणी : ‘पाणी’ मलाही आवडतं, मोठ्यांना ते लगेच कळतं. पण खाली निगेच्या ओळीत ‘पाणी लावू नका’ लिहिलंत की दोन पाणी एकमेकांवर आदळतात. निगेत ‘ओलावा’, ‘घाम’, ‘अत्तर’ हे शब्द वापरा. तरुण वाचकाला ‘पाणी दिलेली’ अनोळखी असेल, तर खालची इंग्रजी ओळ ते सांगेल. दोन ओळी एकमेकींचं भाषांतर नसाव्यात. मराठी ओळीत साहित्य आणि बसणं, इंग्रजीत ओळख. माप मात्र दोन्हीकडे सारखं, कारण काही जण एकच ओळ वाचतात. धातूचंही तसंच.

```
ठुशी. पितळेवर सोन्याचं पाणी.
Thushi: Maharashtrian bead choker, gold-plated brass.
मागचा गोंडा सरकवून १३ ते १६ इंच गळ्याला बसते.
Fits 13–16 in, slide the cord.
घाम, अत्तर, ओलावा टाळा.
```

आकडे तुमच्या ठुशीवर टेप लावून घ्या. आणि नाव व धातू पहिल्या दोन ओळींत, कारण इन्स्टाग्रामवर पुढचं बोट लावल्यावरच उघडतं. बहुतेक कॅप्शनं आधी शुभेच्छा लिहितात आणि धातू त्या दुमडलेल्या भागात जातो. ‘सोन्याची आहे का?’ हा प्रश्न मग येणारच.

मोरणी : माझ्याकडे नथी आहेत. इंग्रजीत ‘क्लिप-ऑन’ लिहिते, मराठीत ‘क्लिपची नथ’. आज्या विचारतात, टोचावं लागेल का?

जोंधळीमणी : ‘दाबाची नथ, नाक टोचलेलं नसलं तरी चालते’ असं लिहा. प्रश्न नावाचा नाही, नाकाचा आहे, त्याचं उत्तर थेट द्यावं.

सोनचाफा : आमच्याकडे ‘चापाची’ म्हणतात, ‘दाबाची’ नाही.

मोरणी : मग दोन्ही घालू का? ‘चापाची (दाबाची) नथ’?

जोंधळीमणी : कंस नको. गिऱ्हाईक जिथलं जास्त तिथला शब्द घ्या, आणि टोचण्याचं वाक्य दोन्हीकडे ठेवा. ते कुठेही कळतं.

गोंडा : मी ‘पाणी’ ठेवते. फक्त ‘दिलेली’ की ‘चढवलेली’ यावर कोणी सांगेल का?

ऱ्हस्वदीर्घ : पाणी देतातही आणि चढवतातही. मी ‘चढवलेली’ लिहिलं असतं, झाडाला पाणी देतात तसं वाचलं जात नाही.

सोनचाफा : मी ‘दिलेली’च. सोनाराच्या दुकानात तेच ऐकू येतं.