रॅम्सडेन आयपीस: कडेचा रंग की भिंगावरचे डाग? मदत हवी आहे

मंडळी, देवगडला ११४ मिमी न्यूटोनियन दुर्बीण आहे, फोकल लांबी ९०० मिमी. तिच्यासाठी ३० मिमीची दोन सारखी सपाट-बहिर्वक्र भिंगं वापरून रॅम्सडेन आयपीस केलं आहे. फुगीर बाजू समोरासमोर आहेत.

अंतर २० मिमी ठेवलं की एकूण फोकल लांबी २२.५ येते, म्हणजे ४० पट. मध्यभागी चित्र छान, पण कडेला चंद्राच्या काठावर निळी-केशरी किनार दिसते. मुख्य भिंगाऐवजी आरसाच असल्याने तो रंग आयपीसचाच; चंद्र डोक्यावर असतानाही तसाच राहतो.

सूत्राप्रमाणे अंतर दोन्ही फोकल लांबींच्या सरासरीइतकं, म्हणजे ३० मिमी, केलं. किनार जवळजवळ गेली, पण पुढचं भिंग नेमकं फोकसच्या पातळीत आलं. आता त्यावरचा प्रत्येक कण आणि खाऱ्या दमट हवेचे डाग चंद्रावर स्पष्ट बसतात (पुसले तरी आठवड्यात परत हजर). शिवाय डोळा भिंगाला अगदी टेकवावा लागतो.

हायगेन्स सुचवू नका. मला तारांचा क्रॉस लावायचाय आणि हायगेन्सचं फोकस दोन भिंगांच्या मध्ये पडतं. २० मिमीच्या मांडणीत क्रॉस पुढच्या भिंगाच्या ७.५ मिमी आधी छान बसतो.

केल्नरसारखं डोळ्याकडचं भिंग जोडभिंग करण्याचा विचार आहे. f/८ ला, २०-२२ मिमी अंतर कायम ठेवून, ३० मिमीचं साधं दुर्बिणीचं जोडभिंग तिथे चालेल का? आणि त्याची कुठली बाजू डोळ्याकडे ठेवायची?