टायरातला खिळा: आधी पाणी ओता

> पाचवडला चहाला थांबलो तर कारच्या मागच्या टायरात खिळा. उपटू की तसाच हळूहळू साताऱ्यापर्यंत नेऊ?

ट्यूबलेस असेल तर हात लावू नका. रबर खिळ्याला आवळून बसलेलं असतं, सध्या तोच बूच आहे. बाटलीतलं पाणी त्यावर ओता. भराभर बुडबुडे आले तर तिथेच स्टेपनी. एखादाच सावकाश येत असेल तर पंपावर हवा मोजा. समजा ३३ ची २८ झालीय, तर परत ३३ भरा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. एखाद्याच आकड्याने उतरली तर चाळीसच्या वेगाने निघा आणि आनेवाडीच्या आसपास थांबून बघा. पंचविशीच्या खाली आली असेल तर पुढे दामटू नका. कमी हवेत टायरची बाजू दुमडून आतून घासते, मग पंक्चरवाला काढतो तेव्हा आत काळा भुगा सापडतो आणि टायरच बाद. (हवा भरणाऱ्या पोऱ्याला ‘चालतंय की’ म्हणायला काय जातंय!)

खिळा बाजूच्या भिंतीत असेल तर हे काही लागू नाही, स्टेपनीच लावा. ट्यूबवाल्या टायरचंही तसंच: चाक फिरलं की खिळा हलतो आणि एका भोकाची चार होतात.